मदत हवी आहे: एक गुडघा दुखावलाय, दुसऱ्या पायाचा व्यायाम चालू ठेवू का?

उजव्या गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन दुखावलाय. फिजिओने धावणं, उड्या आणि तूर्त स्क्वॉट बंद केलेत. बेंच प्रेस, पुल-अप्स यांचं काहीच अडत नाही, प्रश्न फक्त पायांचा आहे.

सध्या लेग एक्स्टेन्शनवर उजवा गुडघा साधारण 60 अंशांत वाकवून वजन 45 सेकंद स्थिर धरतो, मध्ये दोन मिनिटं थांबून असं पाच वेळा. करताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत गेलं तरी चालतं, असं फिजिओचं म्हणणं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना! तिथे नेहमीपेक्षा जास्त खुपलं, तर पुढच्या वेळी वजन कमी. रोमानियन डेडलिफ्ट मात्र बिनधास्त होते, कारण त्यात गुडघा फारसा वाकत नाही आणि भार मांडीच्या मागच्या बाजूला जातो.

आता अडलंय ते इथे. डाव्या पायाने एकट्याने लेग प्रेस करावा का? एका पायाला ताकदीचा व्यायाम दिला की मज्जासंस्थेमार्फत दुसऱ्या पायाची ताकदही थोडीफार टिकते, हे माहीत आहे. पण स्नायूंचा आकार तसा टिकत नाही, म्हणजे दोन्ही मांड्यांतला फरक वाढणारच ना? अशा वेळी डाव्या पायाचं वजन वाढवत न्यायचं की आहे तिथेच थांबवायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

आणि दमासाठी सायकल सीट उंच करून चालवतोय. रोइंगमध्ये गुडघा फारच दुमडतो, म्हणून टाळलंय. आणखी काही सुचतंय का?