मदत हवी आहे: बाबांच्या रिटायरमेंटच्या फोटोखाली काय लिहू?

उमरेडरोडची_पोरगी

नमस्कार मंडळी. माझे बाबा एसटीत चालक. काल 31 तारखेला रिटायर झाले. नागपूरच्या डेपोत छोटा कार्यक्रम झाला, शाल-श्रीफळ, हार, सगळं. फोटो टाकायचा आहे आणि कालपासून चार ओळी जमून राहिल्या नाहीत. रात्री हे लिहिलं:

"35 वर्षांची प्रदीर्घ, निष्कलंक व खडतर कारर्किद यशस्वीपणे पूर्ण करून माझे आदर्श, माझे दैवत, माझे बाबा सेवानिवृत्त होत आहेत. बाबा, तुमच्या कष्टांना सलाम. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!"

वाचलं की चौकातल्या फ्लेक्ससारखं वाटतं. अभिमान दिसावा, थोडं डोळ्यांत पाणी यावं, पण रडारड नको. बाबांच्या डेपोतले सगळे व्हॉट्सअॅप स्टेटस पाहतात, मोठे काका फेसबुकवर आहेत आणि माझ्या मैत्रिणी इन्स्टावर. बाबा स्वतः फक्त स्टेटस पाहतात.

तर्रीवाला

हे घ्या, गेल्या वर्षी भावजींसाठी लिहिलं होतं, सगळ्यांना आवडलं:
"लाखोंना पोचवलं ज्यानं घरी,
आज तोच वेळेवर आला स्वतःच्या दारी!"

उमरेडरोडची_पोरगी

मस्त आहे हो दादा. पण काल बाबा घरी आले रात्री साडेनऊला. कार्यक्रमानंतर सगळ्यांना भेटत बसले. आई दारातच उभी होती.

मुद्रितशोधक

मग ती ओळ गेली. डेपोतले लोक तिथेच होते, त्यांना साडेनऊ माहीत आहे.

तुमच्या मसुद्याबद्दल दोन गोष्टी. आधी शुद्धलेखन: "कारर्किद" नाही, "कारकीर्द". हा शब्द रिटायरमेंटच्या जवळपास प्रत्येक बॅनरवर चुकलेला असतो. त्याचा जोडीदार "कर्तृत्व", तो "कर्तुत्व" होऊन छापला जातो. फोटो वर्षानुवर्षं राहतो, तेव्हा हे दोन शब्द लिहिणारच असाल तर एकदा तपासा. माझं मत विचाराल तर दोन्ही टाळा.

दुसरं, "निष्कलंक". हा शब्द आला की वाचणाऱ्याच्या मनात येतं, कोणी काही आरोप केला होता का? कौतुक करायला गेलात आणि खुलासा केल्यासारखं झालं.

मुख्य अडचण मात्र वेगळी आहे. यातून "बाबा" काढून "गुरुजी" किंवा "साहेब" घाला, मजकूर तसाच चालतो. म्हणजे यात तुमचे बाबा कुठेच नाहीत. फोटोत नेमकं काय आहे ते सांगा. आणि फोटो निघायच्या आधी-नंतर काय झालं तेही.

पेन्शनर_धंतोली

मुलीने "सेवानिवृत्त" लिहू नये. निवृत्ती म्हणजे संपल्यासारखं वाटतं. योग्य शब्द "सेवापूर्ती" हाच आहे. शासनातही तोच वापरतात.

मुद्रितशोधक

काका, अर्धं बरोबर. कार्यक्रमपत्रिकेत आणि बॅनरवर "सेवापूर्ती सोहळा" लिहितात, चांगला शब्द आहे. पण कार्यालयीन आदेशात "नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त" असंच असतं. दोन्ही चालतात. घरात मात्र आपण यातलं काहीच बोलत नाही, "बाबा रिटायर झाले" म्हणतो. मुलीने लिहायचं तर मुलीच्या तोंडचा शब्द हवा.

सीताबर्डी_सुनील

माझी आई पण पुढच्या महिन्यात रिटायर होत आहे, नर्स होती. तिच्यासाठी दहा मिनिटांचं भाषण हवं आहे, कोणी लिहून देईल का? बाकी तुमच्या बाबांचं भाषण छान झालं असेल.

उमरेडरोडची_पोरगी

सुनीलभाऊ, भाषण नाही हो, फोटोखालच्या ओळी पाहिजेत. तुम्ही वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

मुद्रितशोधक, फोटो दोन आहेत. एक साहेबांसोबत शाल घेताना, सगळे कॅमेऱ्याकडे पाहून राहिले. दुसरा चुकून निघाला. हार गळ्यात, खाकी वर्दी, हातात नारळ, आणि बाबा गाडीच्या मागच्या टायरला पायाने टोकून पाहताहेत. ती गाडी त्यांची नव्हतीच, कोणाची तरी गडचिरोलीला निघालेली. मी ओरडले, "बाबा, आज तरी नका पाहू!" ऐकलं नाही.

मुद्रितशोधक

बाई, हाच फोटो! पहिला फोटो प्रत्येक रिटायर होणाऱ्याकडे असतो.

आता कॅप्शनमध्ये हार, नारळ, वर्दी यातलं काही लिहू नका, ते डोळ्यांना दिसतंच. फोटोत जे दिसत नाही ते लिहा. म्हणजे ही रोजची सवय होती आणि आज गाडी त्यांची नव्हती, हे.

लालपरी_वाहक

मी वाहक आहे, त्याच लाइनवर वीस वर्षं. टायर टोकायची सवय चालकांना असतेच, पण ज्यांनी वस्तीची गाडी जास्त केली त्यांना जरा जास्तच. रात्री खेडेगावात गाडी थांबवायची, गाडीतच झोपायचं आणि पहाटे अंधारात पहिली फेरी काढायची. उमरेड, भिवापूर, नागभीड करत पुढे गेलं की टायर बसला तर मदत कुठून येणार? म्हणून उतरलं की पाय टायरकडे जातो.

एक सांगतो. "35 वर्षं" खात्री करून लिहा. माझ्या एका जोडीदाराच्या मुलाने "एकही खाडा नाही" लिहिलं होतं. डेपोच्या ग्रुपवर तीन दिवस त्याची मजा चालली, कारण तो आदमी लग्नसराईत आठ-आठ दिवस गायब असायचा. बिचाऱ्याने स्टेटस काढून टाकलं.

उमरेडरोडची_पोरगी

बाप्पा! बरं झालं सांगितलं. आत्ता बाबांना विचारलं. 1994 ला रोजंदारीवर लागले, 1997 ला कायम झाले. काल बॅनरवर 28 वर्षं होती. बाबा म्हणतात 31. मी 35 कुठून आणले माहीत नाही, मोठा आकडा चांगला वाटला असेल.

पेन्शनर_धंतोली

कायम झाल्यापासूनच धरतात. 28 लिहा.

लालपरी_वाहक

काका, कागदावर 28 असेल. स्टेअरिंग हातात घेतलं ते 1994 ला. ती तीन वर्षं त्यांनी गाडी हवेत चालवली काय? मी 31 च म्हणेन.

मुद्रितशोधक

यात मी पडत नाही. आकडा नसला तरी कॅप्शन चालतं.

कॅमेरा_बिमेरा

लिहिण्यातलं मला कळत नाही, फोटोतलं थोडं कळतं. स्टेटसवर उभा फोटो टाकला की कॅप्शन फोटोच्या खालच्या भागावर येतं. तुमच्या फोटोत खाली काय आहे? पाय आणि टायर. चार ओळी लिहिल्या तर नेमकी तीच जागा झाकली जाईल. म्हणून स्टेटसला एकच ओळ. इन्स्टावर मोठं चालेल, पण पहिल्या एक-दोन ओळींनंतर मजकूर दुमडला जातो, तेव्हा चांगली ओळ शेवटी ठेवून उपयोग नाही.

आणि छातीवर बिल्ला आहे ना? त्याचा नंबर वाचता येत असेल तर पुसट करा. "आता फंड मिळणार, ग्रॅच्युइटी मिळणार" असंही कोणी कमेंटमध्ये लिहिलं तर उडवा. नुकत्याच रिटायर झालेल्या माणसालाच लबाडांचे फोन जास्त येतात.

तर्रीवाला

मग "आता पेन्शन खा आणि आराम करा बाबा" हे कसं? हलकंफुलकं.

लालपरी_वाहक

भाऊ, आमची पेन्शन सरकारी कर्मचाऱ्यांसारखी नसते, ईपीएसची असते. त्यात खाण्यासारखं फार नसतं. डेपोतले हसतील, पण ते हसू वेगळं असेल. नको.

तर्रीवाला

समजलं, माफ करा. मग "बाप माझा एसटीवाला" असं दमदार काही?

पेन्शनर_धंतोली

वडिलांना "बाप" म्हणतात का? मोठे काका पाहणार आहेत असं मुलगी सांगते आहे.

तर्रीवाला

काका, प्रेमानेच म्हणतात हो. आमच्याकडे तर सगळेच म्हणतात.

मुद्रितशोधक

ज्या घरात म्हणतात तिथे लिहावं. पोरीच्या तोंडी "बाबा, तुम्ही" आहे, ते बदलू नये.

पोरी, एक विचारतो. तू लहान असताना बाबांच्या ड्यूटीचं काय आठवतं? मोठं काही नको. आवाज, वास, काहीही.

उमरेडरोडची_पोरगी

गजर. पहाटे साडेचारचा. चावीचं घड्याळ होतं, स्टीलच्या ताटलीत ठेवायचे, म्हणजे आवाज जोरात येतो. सगळं घर उठायचं. बाबा निघायचे पाचला आणि आता जाग आलीच आहे तर, म्हणून मी अभ्यासाला बसायची. दहावी, बारावी, इंजिनीअरिंगची पहिली दोन वर्षं असंच. पुढे नोकरी लागली पुण्यात. तिथेही साडेचारला जाग येते, ताटली नसताना.

हे लिहिताना रडले थोडी. सॉरी.

मुद्रितशोधक

झालं की काम. तुझ्याकडे दोन वस्तू आहेत, टायर आणि ताटली. स्टेटसला टायर, फेसबुक-इन्स्टाला दोन्ही. "सलाम", "दैवत", "आदर्श" यांची गरज उरत नाही. लिहून दाखव.

उमरेडरोडची_पोरगी

स्टेटस:
"गाडी सोडली, सवय नाही."

फेसबुक आणि इन्स्टा:
"गाडी सोडली, सवय नाही. काल रिटायर झाल्यावरही बाबांनी दुसऱ्याच्या गाडीचा टायर टोकून पाहिला.
पहाटे साडेचारला ताटलीत गजर वाजायचा. बाबा गाडीवर जायचे, मी अभ्यासाला बसायची. माझ्या इंजिनीअरिंगच्या डिग्रीत त्या गजराचा मोठा वाटा आहे, हे त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.
बाबा, उद्या गजर लावू नका. मी लावते."

लालपरी_वाहक

ताई, हे आमच्या ग्रुपवर टाकतो. परवानगी आहे ना?

मुद्रितशोधक

एकच बदल. "काल" काढून "शेवटच्या दिवशीही" कर. दोन वर्षांनी पोस्ट वर आली तर "काल" कळणार नाही. मग "रिटायर झाल्यावरही" पण नको, "ही" दोनदा येतो. "शेवटच्या दिवशीही बाबांनी दुसऱ्याच्या गाडीचा टायर टोकून पाहिला." बाकी हात लावू नकोस.

पेन्शनर_धंतोली

छान आहे. 28 वर्षं कुठेतरी यायला हवी होती.

लालपरी_वाहक

31.

सीताबर्डी_सुनील

आता कळलं. आईचं पण भाषण नको मग. तिची एक पांढरी चप्पल आहे, वीस वर्षं एकाच दुकानातून घेते. त्यावर काही होईल का?

उमरेडरोडची_पोरगी

सुनीलभाऊ, होईल! त्या चपलेचा फोटो काढून ठेवा आधी.

सगळ्यांचे आभार. टाकलं. काकांचा फोन येऊन गेला, काही बोलले नाहीत, आईकडे दे म्हणाले. बाबांनी स्टेटस चष्मा लावून दोनदा पाहिलं. मी वाट पाहून राहिले काय म्हणतात त्याची. म्हणाले, "मागच्या टायरात हवा कमीच होती. त्या पोराला सांगून आलो मी."