स्टीम वॉलेटमधील शिल्लक परत मिळते का?

बी-३०४: सर्वांना नमस्कार. माझा दहावीतला मुलगा स्टीम या स्टोअरवरून गेम घेतो. दिवाळीत मामाने दिलेल्या ५०० रुपयांच्या गिफ्ट कार्डाचा कोड त्याने खात्यात टाकला होता, आणि या महिन्याच्या ४ तारखेला माझ्या यूपीआयवरून आणखी १,५०० रुपये भरले. आता बोर्डाच्या परीक्षेपर्यंत खेळ बंद ठेवायचे ठरले आहे. ही शिल्लक तोपर्यंत बाद होईल का? न वापरलेले पैसे परत मिळतात का?

ए-७०२: ताई, शिल्लक बाद होण्याची काळजी नको, मोबाइलच्या रिचार्जसारखी ठरावीक वैधता या वॉलेटला नसते, त्यामुळे परीक्षा संपल्यावरही रक्कम तिथेच दिसेल. परताव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. वॉलेटचे पैसे थेट स्टीमवरून भरलेले असतील, भरल्यापासून १४ दिवसांच्या आत मागितले असतील आणि त्या भरण्यातला एकही रुपया खर्च झालेला नसेल, तरच ते परत मागता येतात. आज १३ तारीख आहे, म्हणजे १,५०० रुपयांसाठी अजून वेळ आहे. कोडने जमा झालेले ५०० रुपये मात्र परत मिळत नाहीत, मग तो कोड आपल्या कॉलेज रोडवरच्या दुकानातून घेतलेला असो वा ऑनलाइन.

सी-१०१: माझा भाचा ते ५०० रुपये रोख देऊन घेईल. त्याच्या खात्यात वळवता येतील का?

ए-७०२: नाही काका, एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यात जात नाही, आणि त्यासाठी अख्खे खातेच विकणे हा स्टोअरच्या कराराचा भंग ठरतो.

बी-२०५: अशा बाबतीत रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करता येत नाही का?

ए-७०२: रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत, ज्या वॉलेटमधून फक्त त्याच विक्रेत्याचा माल घेता येतो ते बंदिस्त प्रकारचे मानले जाते. त्यातून रोख रक्कम काढण्याची सोयच नसते आणि ते चालवायला बँकेची परवानगीही लागत नाही, म्हणून तिथे दाद मागण्यात वेळ जाईल. ताई, आधी खात्याच्या खरेदी-इतिहासात ४ तारखेनंतर एकही खरेदी नाही ना, एवढे पाहा. मुले अधूनमधून पन्नास-ऐंशी रुपयांची सजावटीची वस्तू घेतात आणि ती आपल्या लक्षातही येत नाही.

बी-३०४: आताच पाहिले, खरेदी नाही. अर्ज कुठे करायचा?

ए-७०२: help.steampowered.com वर मुलाच्या खात्याने लॉगिन करून Purchases मध्ये ते १,५०० रुपयांचे भरणे निवडा आणि परतावा मागा. मंजुरीनंतर साधारण आठवडाभरात पैसे मूळ पेमेंट पद्धतीवर येतात. पण त्या पद्धतीवर परत पाठवणे शक्य झाले नाही, तर तीच रक्कम पुन्हा वॉलेटमध्ये जमा होते, हे आधीच माहीत असलेले बरे.

बी-३०४: अर्ज केला. मामाचे ५०० रुपये मार्चनंतरच्या सुट्टीसाठी तसेच ठेवते.