ओटीपी येत नव्हता, कारण बँकेची खिडकीच उघडली नव्हती! तुमचे अनुभव लिहा

दुकानदार_शाहूपुरी
परवा दुकानात बसून लेकीच्या हॉस्टेलची फी भरत होतो, १८,५०० रुपये आणि शेवटचा दिवस. कार्ड नंबर टाकला, पे दाबलं, तर पानावर नुसतं गोल गोल फिरायलंय आणि खाली रिफ्रेश करू नका म्हणून दम. ओटीपी काय येईना. मला वाटलं रेंज गेली, मोबाईल वर धरून पार रस्त्यात गेलो, शेजारचा म्हणतोय काय पतंग उडवायलास व्हय. पंधरा मिनिटांनी पोरगी आली आणि ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला खिडकीचं बारीक चित्र, त्यावर फुली, ते दाखवलं. क्रोमनं बँकेची खिडकी अडवून ठेवली होती. त्यावर क्लिक केलं, "Always allow pop-ups and redirects from" च्या पुढं हॉस्टेलच्या साईटचं नाव होतं ते निवडलं, Done दाबलं, मग पैसे गेले. असं अजून कुणाचं झालंय का, सविस्तर लिहा.

मिसळ_कट वाली
माझ्याकडं तर ओटीपी दिवसभर येत नाही, सिम बदललं तरी तेच. पॉप-अप म्हणजे तेच ना?

उद्यमनगरचा_फिटर
सोप्पंय, सेटिंगमध्ये जाऊन ब्लॉकर कायमचा उडवून टाका. मी दोन वर्षांपूर्वी उडवला, पेमेंट एकदम ओके. फक्त पिक्चर बघायच्या साईटवर गेलं की लॉटरी लागल्याच्या चार खिडक्या उघडतात, त्या बंद करत बसायच्या.

वेब_वाला_राजारामपुरी
फिटर भावा, त्या लॉटरीसाठीच तर ब्लॉकर असतो की. एका साईटला परवानगी दे आणि बाकीच्यांना दार बंद ठेव.

दुकानदार काकांच्या केसमध्ये गंमत अशी, की ओटीपी पाठवायचं काम बहुतेक वेळा बँकेचं पान उघडल्यावरच होतं. पान अडकलं तर एसएमएस सुटतच नाही आणि आपण मोबाईल कंपनीला शिव्या घालतो. मिसळताई, तुमचं वेगळं दिसतंय. बँकेचं पान समोर दिसतंय, त्यात ओटीपी टाकायची चौकट आहे आणि तरी एसएमएस नाही, तर पॉप-अपचा संबंध नाही, बँकेत कुठला मोबाईल नंबर नोंदवलाय ते आधी बघा.

आता कधी चालतं कधी नाही असं का होतं, तर ब्राउझर बघतो की खिडकी माणसानं बटण दाबलं म्हणून उघडतेय की आपोआप. तुम्ही पे दाबता, साईट आधी सर्व्हरला विचारते, उत्तर आल्यावर खिडकी उघडायला जाते. क्रोममध्ये त्या दाबण्याची मुदत साधारण ५ सेकंद. नेट फास्ट असलं तर खिडकी मुदतीत उघडते, ढिलं असलं तर मुदत संपते आणि अडवली जाते. म्हणजे चूक खरं तर साईट बनवणाऱ्याची, पण फी आपली.

परवानगी द्यायची ती खिडकी उघडणाऱ्या साईटला, म्हणजे जिथं पे दाबलं तिला. लोक इथंच चुकतात, बँकेचं नाव chrome://settings/content/popups मध्ये घालून बसतात आणि काही फरक पडत नाही.

दुकानदार_शाहूपुरी
आणि परवानगी दिल्यावर परत पे दाबलं तर दोनदा कापतील काय? मी तर डोळे मिटून दाबलं!

वेब_वाला_राजारामपुरी
ओटीपीच टाकला नव्हता म्हणून पैसे कापले गेले नसणार. तरी त्या फुलीवर क्लिक केलं की अडवलेल्या खिडकीची लिंक तिथंच दिसते, आधी ती दाबून बघायची. नाही जमलं तर बँकेचं स्टेटमेंट बघून मगच नव्यानं भरायचं.

इचलकरंजी_लूम
माझं नेटबँकिंगचं होतं. बँकेच्या साईटलाच परवानगी दिलेली, स्टेटमेंटची खिडकी दोन वर्षं झकास उघडायची, एके दिवशी बंद. डोकं फोडलं. शेवटी कळलं बँकेचा पत्ता बदलून .bank.in झालाय (रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडं जायला सांगितलेलं), आणि परवानगी जुन्या पत्त्याला. नवा घातला, सुरू.

पंचगंगा_काठ
मला ओटीपी आला पण खिडकी नाही!! मी पण परवानगी देत बसले. नंतर दिसलं की खिडकी उघडली होती, मोठ्या खिडकीच्या मागं जाऊन लपलेली, खाली टास्कबारमध्ये क्रोमवर दोन दिसत होत्या. तोवर ओटीपीची वेळ संपली.

मिसळ_कट वाली
बँकेत जाऊन आले. नंबर माझ्या मिस्टरांचा नोंदवलेला निघाला, बारा वर्षांपूर्वीचा. आयफोनवर ही एका साईटची परवानगी कुठं असते हो? मला नुसतं Block Pop-ups चालू-बंद दिसतंय.

वेब_वाला_राजारामपुरी
आयफोनच्या सफारीत तेवढंच आहे, सगळं चालू नाहीतर सगळं बंद. भरण्यापुरतं बंद करायचं, झालं की परत चालू करायचं. मी तर विसरतो म्हणून फी लॅपटॉपवरच भरतो.

उद्यमनगरचा_फिटर
बरं केला चालू ब्लॉकर. लॉटरी गेली पण आता वीजबिलाची पावती उघडंना झालीय.