एसएसबीला तयार गोष्टी आणि छंद चालतात का? शिवाय नाकाचं काय?

सातारकर_०७: एनडीएची लेखी झाली, आता भोपाळला एसएसबी, म्हणजे सैन्याधिकारी निवडीची मुलाखत आहे. क्लासमध्ये चित्र बघून गोष्ट लिहायच्या चाचणीसाठी तयार गोष्टी दिल्यात आणि स्वतःची माहिती भरायच्या पीआयक्यू फॉर्मवर छंद म्हणून ट्रेकिंग लिहायला सांगितलंय. मी दोनच किल्ले पाहिलेत. तिथले अधिकारी ताडून बघतात का? डॉक्टर म्हणाले, नाकाचं हाडही वाकडं आहे.

गणूकाका: पहाटे उठून १६०० मीटर पळायचा सराव कर. आमचा भाचा त्यातच मागे पडला.

बेळगावी: काका, ते अग्निवीर भरतीचं. एसएसबीत अशी धाव नसते.

माजी_कॅप्टन: मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे आणि मैदानावर गटाची कामं करून घेणारे जीटीओ, तिघंही आपापले गुण स्वतंत्रपणे देतात. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला ते एकत्र बसतात, तेव्हा तुझी तीन रूपं शेजारी येतात.

तुझंच उदाहरण घे. चित्रात नदीकाठी मुलगा दिसला आणि तू त्याच्याकडून पूर आलेलं अख्खं गाव वाचवलंस. अशी बारा चित्रं, शेवटचं कोरं, प्रत्येक गोष्टीला ४ मिनिटं. मग लगेच ६० शब्द, एकेक बघून सुचेल ते वाक्य लिहायला १५ सेकंद. चाळिसाव्या शब्दापर्यंत पाठांतर संपतं आणि खरा तू लिहायला लागतोस. मैदानावर फळी, बल्ली आणि दोर घेऊन अडथळा पार करायचा असतो, लाल भागाला हात लावायचा नाही. तिथे तू मागे उभा राहून दोर गुंडाळत बसलास, तर गोष्टीतला नायक कुठे गेला? मुलाखतीत विचारतील, शेवटचा ट्रेक कुठला, सोबत कोण, जेवणाची सोय कोणी केली? दोन किल्ले पाहिलेत तर दोनच सांग. खो-खो खेळत असशील तर तेच लिही.

रेश्मा_नाशिक: पहिल्या दिवशीच्या चित्रावर चर्चा होते, तिथे ग्रुपमध्ये मासळीबाजार भरतो. जो जास्त बोलतो तो स्क्रीन-इन होतो, म्हणजे पुढच्या चाचण्यांसाठी थांबतो.

माजी_कॅप्टन: अर्धंच बरोबर. अगदी गप्प राहिलास तर घरी, हे खरं. पण नुसता आवाज चढवणारेही दुपारच्या यादीत दिसत नाहीत. स्वतःची गोष्ट स्पष्ट सांगणं आणि दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेणं, दोन्ही बघतात. त्या दिवशीची बुद्धिमत्ता चाचणीही धरतात.

रेश्मा_नाशिक: माझी निवड झाली होती, मेडिकलला कानातल्या मळासाठी अडकले! पडदाच दिसेना त्यांना. एकदा अनफिट म्हणजे विषय संपला.

माजी_कॅप्टन: नाही. टेम्पररी अनफिट असेल तर उपचार करून अपील मेडिकल बोर्डापुढे जाता येतं, साधारण ४२ दिवसांत. कागदावर तारीख देतात, ती बघ. कान आत्ताच साफ करून घे.

सातारकर_०७: आणि नाक? ऑपरेशन आत्ता करू की निवड झाल्यावर?

बेळगावी: माझ्या मित्राने आधीच केलं, पण जखम भरायच्या आत बोलावणं आलं.

माजी_कॅप्टन: श्वास नीट जातो का, यावर बरंच आहे. आधी ईएनटीकडून लेखी घे आणि ते काय म्हणतात ते इथे टाक.