हिरवट झालेले हायलाइट्स

बी-३०४: लेकीचे ब्लाँड हायलाइट्स पूलमध्ये पोहून हिरवट झालेत, टोकांना जास्तच. पर्पल शॅम्पू लावून पाहिला, ढिम्म फरक नाही. क्लोरीनमुळेच ना?

ए-१०२: नाही ताई, हिरवा रंग तांब्याचा असतो. शेवाळ मारायच्या औषधात अनेकदा कॉपर सल्फेट असतं, शिवाय पाणी आम्लीय असेल तर तांब्याचे पाइप आणि हीटरही झिजतात. क्लोरीन केस कमकुवत करतं, मग तांबं चिकटतं. ब्लीच केलेले केस सच्छिद्र, म्हणून त्यांच्यावर आधी दिसतं. पर्पल शॅम्पू पिवळेपणा दाबतो, तांबं काढत नाही.

सी-५०१: आणि आमच्या घरी बोअरचं पाणी आहे, तिथे?

ए-१०२: जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने केस राठ आणि निस्तेज होतात, हिरवे नाही. हिरवट झाले तर तिथेही तांबंच शोधायचं. नळाखाली बेसिनवर निळसर-हिरवा डाग धरतो का बघा.

बी-३०४: मग काढायचं कसं?

ए-१०२: आधी मागची एक बट घेऊन करा. व्हिटॅमिन सीच्या ५०० मिग्रॅच्या ६ ते ८ साध्या गोळ्या बारीक कुटा. चघळायच्या नकोत, त्यात साखर आणि रंग असतो. दोन-तीन चमचे कोमट पाण्यात पातळ पेस्ट करा, ओल्या बटेवर लावा, १० मिनिटांनी धुवा. हिरवा फिका पडला तर तांबंच आहे. मग सगळ्या हिरव्या भागाला लावून शॉवर कॅप घाला आणि १५-२० मिनिटं थांबा. टाळूवर ओरखडा असेल तर झोंबेल, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

त्यानंतर चिलेटिंग शॅम्पू, म्हणजे धातू धरून धुऊन काढणारा. घटकांत EDTA किंवा फायटिक अ‍ॅसिड लिहिलेलं असतं. नुसत्या ‘क्लॅरिफायिंग’वर जाऊ नका, तो तेल-जेल काढेल, धातू राहील. फेस ३-५ मिनिटं ठेवा, धुवा, वर जाड कंडिशनर. केस कोरडे पडतातच.

डी-२०३: टोमॅटो केचप लावतात ना?

ए-१०२: त्याचा लाल रंग हिरव्यावर थोडा पडदा टाकतो, एवढंच. पुढच्या धुण्यात पुन्हा दिसेल.

बी-३०४: पार्लरवाली म्हणते, वरून पुन्हा ब्लीच मारू.

ए-१०२: मुळीच नको! तांबं असलेल्या केसावर पेरॉक्साइडची क्रिया भडकते, केस तापतो, तुटूही शकतो. आधी धातू काढायचा. आणि हे लक्षात घ्या, ब्लीचनंतर छटा द्यायला लावलेला टोनरही व्हिटॅमिन सीने थोडा उतरतो, त्यामुळे हिरवा गेल्यावर खालचा पिवळा दिसेल. तेव्हा पर्पल शॅम्पू उपयोगी.

डी-२०३: पार्लरमधून येतानाच हिरवट असेल तर?

ए-१०२: मग तो बहुधा पिवळ्या केसावर लावलेल्या अ‍ॅश टोनरचा. त्याला हा उपाय नाही, रंग लावणाऱ्यानेच दुरुस्त करायचा. आणि ताई, पुढच्या वेळी पूलमध्ये उतरण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब भिजवून कंडिशनर लावा, वर टोपी. भिजलेला केस पूलचं पाणी कमी शोषतो. बाहेर आल्याबरोबर धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून घरी येईपर्यंत थांबू नका.