रिपोर्टात ४८ हजार, प्रत्यक्षात सव्वासहा लाख : व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क मानायची की ड्रॉडाऊन?

डहाणूकर कॉलनी
मंडळी, निवृत्तीचे ४० लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मिळालेल्या रिपोर्टात लिहिलं होतं : एका दिवसाची व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क, ९५ टक्के खात्रीने, १.२ टक्के. म्हणजे एका दिवसाच्या तोट्याचा अंदाज ४८ हजार. मार्चपर्यंत सव्वासहा लाख गेले. जावई म्हणतो हा आकडा भंपक आहे, मॅक्झिमम ड्रॉडाऊन, म्हणजे शिखरापासून तळापर्यंतची सगळ्यात मोठी घसरण, तेवढीच बघायची. बरोबर आहे का त्याचं?

पर्वतीचा पायथा
जावई शंभर टक्के बरोबर. २६ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२१६ वर बंद झाला, ४ मार्च २०२५ ला २२,०८३ वर. शिखरापासून १५.८ टक्के खाली. तुमच्या चाळीस लाखांवर हेच सहा लाख तीस हजार होतात. आणि गंमत बघा, या पाच महिन्यांत सगळ्यात वाईट दिवस ३ ऑक्टोबरचा, तोही फक्त २.१ टक्क्यांचा. रोज थोडं थोडं कुरतडलं गेलं. एका दिवसाचा आकडा ही वाळवी बघूच शकत नाही. मी तर रिपोर्टातलं ते पान वाचतच नाही.

हिंजवडी फेज २
मी बारा वर्षं रिस्कच्या टेबलावर आहे, तेव्हा त्या पानाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. काका, १.२ टक्के हा आकडा कसा निघाला असणार ते सांगते. मागच्या २५० दिवसांचे रोजचे चढउतार घ्यायचे, सगळ्यात वाईट दिवस वर ठेवून ओळीने लावायचे आणि वरून साधारण तेरावा बघायचा. बस. त्यात कुठेही 'यापेक्षा जास्त जाणार नाही' असं वचन नाही. उलट वीस दिवसांतून एकदा यापेक्षा जास्त जाईल, असंच तो सांगतो.

आता पर्वतीकरांनी हिणवलेले ते पाच महिने घ्या. बाजार उघडा होता असे जेमतेम शंभरेक दिवस. त्यात १.२ च्या पलीकडे पाचेक दिवस जायला हवे होते. मी मोजले, दहाच्या वर निघाले. ३० सप्टेंबर, ३ ऑक्टोबर, २२ ऑक्टोबर, ४ नोव्हेंबर, १३ नोव्हेंबर, २८ नोव्हेंबर... यादी चालूच राहते. नोव्हेंबर संपतानाच कळत होतं की जुना आकडा आता तोकडा पडतोय. आकडा गप्प नव्हता, तो किती वेळा ओलांडला जातोय हे कुणी मोजत नव्हतं. बँकांना हीच मोजदाद करावी लागते आणि ओलांडणं वाढलं की जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं.

पर्वतीचा पायथा
दहा वेळा ओलांडला, मान्य. पण काकांना त्यातून सव्वासहा लाख कसे दिसणार? धोक्याची घंटा वाजली म्हणता, पण किती मोठी आग ते सांगत नाही.

गणिती, सदाशिव पेठ
एवढा वाद कशाला? एका दिवसाचा आकडा दिवसांच्या वर्गमुळाने गुणायचा. शंभर दिवसांचं वर्गमूळ दहा, १.२ गुणिले दहा म्हणजे १२ टक्के. प्रत्यक्षात १५.८. फार काही चुकलं नाही. दोन्ही आकडे एकच आहेत, फक्त गुणाकार करायचा आळस नको.

हिंजवडी फेज २
गणिती, अर्धं बरोबर. वर्गमुळाचा नियम तेव्हाच चालतो जेव्हा आजच्या पडण्याचा उद्याच्या पडण्याशी संबंध नसतो आणि बाजाराचा चंचलपणा तोच राहतो. या घसरणीत तो तसा राहिला नाही, हे वर दिसलंच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमचे १२ टक्के आजपासून शंभराव्या दिवशी कुठे असू, एवढंच सांगतात. ड्रॉडाऊन मधल्या प्रत्येक शिखरापासून मोजला जातो, आणि शिखर कुठलं होतं हे उतरल्यावरच कळतं. शंभराव्या दिवशी जिथे होतो तिथेच परत आलो तर तुमच्या हिशेबात तोटा शून्य. मध्ये दहा टक्के खाली जाऊन आलो असलो तर ड्रॉडाऊनमध्ये ते दहा टक्के कायमचे नोंदले जातात.

सहकारनगर
माझा अनुभव वेगळा आहे. महिन्याला २५ हजारांची एसआयपी आहे. सप्टेंबरअखेर खात्यात पाच लाख होते, मार्चच्या सुरुवातीला पाच लाख पस्तीस हजार. मला ड्रॉडाऊन आलाच नाही. मग घाबरायचं कशाला?

पर्वतीचा पायथा
ताई, मध्ये पाच हप्ते म्हणजे सव्वा लाख तुम्हीच भरलेत. जुन्या पाच लाखांचे चार लाख एकवीस हजार झाले होते, नव्या हप्त्यांनी ते झाकलं गेलं. ड्रॉडाऊन खात्याच्या रकमेवर मोजायचा नसतो, युनिटच्या भावावर मोजायचा असतो. पैसे भरत राहिलं की खड्डा दिसत नाही, काढत राहिलं की आहे त्यापेक्षा खोल दिसतो.

सहकारनगर
अगं बाई. म्हणजे दर महिन्याला मी स्वतःचीच समजूत काढत होते.

हिंजवडी फेज २
आता ड्रॉडाऊनच्या भक्तांसाठी दुसरी तारीख. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. निफ्टी एका दिवसात ५.९ टक्के आपटला. काकांच्या चाळीस लाखांत त्या एका दिवसाचे दोन लाख सदतीस हजार. ७ जूनला निर्देशांक ३ जूनच्या वर बंद झाला. ड्रॉडाऊनच्या तक्त्यात ही तीन दिवसांची खरचटणी, १५.८ च्या शेजारी नगण्य. पण ज्याने उधारीवर सौदा घेतला होता त्याला ४ तारखेच्या संध्याकाळी मार्जिन, म्हणजे सौद्यामागची वाढीव अनामत, भरायचं होतं, ७ तारीख त्याने पाहिलीच नाही. त्याच्यासाठी एका दिवसाचाच आकडा खरा. अर्थात तोही अपुरा, कारण रेषा ओलांडल्यावर किती खोल जाईल हे व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क सांगत नाही. १.२ च्या पलीकडे १.३ ही असतं आणि ५.९ ही. एवढ्यासाठीच बँकांच्या नव्या नियमांनी शेपटीची सरासरी, म्हणजे रेषेपलीकडच्या सगळ्या दिवसांच्या तोट्याची सरासरी, घ्यायला सुरुवात केली.

डहाणूकर कॉलनी
उधारी माझ्याकडे नाही. मला पैसे २०२७ मध्ये लागतील, सोसायटीचा पुनर्विकास आहे. म्हणजे मी १५.८ टक्के धरून चालू?

हिंजवडी फेज २
काका, तसं करू नका. मॅक्झिमम ड्रॉडाऊन ही एकच नोंद असते आणि नोंदवही जितकी जुनी तितकी ती मोठी होत जाते. मार्च २०२० धरला तर निफ्टी १२,३६२ वरून ७,६१० वर आला होता, ३८ टक्के. २००८ धरला तर साठच्या आसपास. २०२० च्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या फंडाच्या कागदावर हे दोन्ही नाहीत, म्हणून तो 'सुरक्षित' दिसतो. दोन फंडांचे ड्रॉडाऊन शेजारी ठेवताना तारखा एकच आहेत का, आधी ते बघा.

पर्वतीचा पायथा
मग काकांनी साठ टक्के धरायचे? तसं असेल तर इक्विटीत कुणीच पैसे ठेवायला नकोत. मी ३८ धरतो. गेल्या पंधरा वर्षांत त्यापेक्षा वाईट झालेलं नाही.

हिंजवडी फेज २
पंधराच वर्षं का? २००८ वगळायला सोयीची म्हणून?

पर्वतीचा पायथा
तेव्हा परदेशी पैसा निघाला की बाजार तोंडघशी पडायचा. आता दर महिन्याला एसआयपीचा पैसा येतो. बाजार बदललाय.

हिंजवडी फेज २
२०२४-२५ मध्येही एसआयपीचा पैसा येतच होता. तरी पडला.

डहाणूकर कॉलनी
तुमचं चालू द्या. पुनर्विकासाला मला अंदाजे बारा लाख लागणार. जावयाला सांगितलंय, चाळिसातून आधी ते बाहेर काढून एफडीत टाक. उरलेल्या अठ्ठावीस लाखांवर ३८ लावायचे की साठ, ते तुमचं ठरलं की कळवा.