मदत हवी आहे: कूलरचे फोन वाढले ते नव्या जाहिरातीमुळे की उन्हामुळे?

खसताटी:
नमस्कार मंडळी. हिंगण्याला आमचा कूलर बनवायचा छोटा कारखाना आहे आणि सीताबर्डीला दुकान. मोबाईलवरच्या जाहिराती एक एजन्सी बघते. 6 एप्रिलला त्यांनी फक्त नागपूरची जाहिरात बदलली. आधी कूलरचा फोटो आणि किंमत असायची. आता खसाच्या ताट्या बसवताना दाखवणारा वीस सेकंदांचा व्हिडिओ आहे. अमरावती आणि यवतमाळला जुनीच जाहिरात चालू आहे. प्रत्येक शहराला वेगळा फोन नंबर दिलाय, म्हणून मोजणी पक्की आहे.

बदलाआधीच्या चार आठवड्यांत नागपूरहून 200 फोन आले, नंतरच्या चार आठवड्यांत 340. एजन्सी म्हणते 70 टक्के वाढ झाली, आता फी वाढवा. बाबा तयार आहेत. पण मार्च संपून एप्रिल लागला की आमच्याकडे फोन वाढतातच, जाहिरात असो नसो. उन्हाचा वाटा बाजूला कसा काढायचा?

सावजीप्रेमी:
भाऊ, जाहिरात दुपारी बारा ते चार चालवा न जी. घरात बसून माणूस तापला की लगेच फोन लावते. माझं नमकीनचं दुकान आहे, मी जाहिरात संध्याकाळी पाचला सुरू करतो, चहाच्या टायमाला. फरक पडते.

खसताटी:
धन्यवाद दादा, पण मला फोन वाढवायचे नाहीत, वाढलेले कोणामुळे वाढले ते शोधायचंय.

इतवारीकर:
सोपं आहे. अमरावतीला जुनी जाहिरात होती, म्हणजे तिथे जेवढे वाढले ते उन्हाचे. नागपूरच्या वाढीतून तेवढे वजा करा. अमरावतीचा आकडा काय?

खसताटी:
अमरावती आधी 100, नंतर 150.

इतवारीकर:
मग झालं! नागपूर 140 ने वाढलं, अमरावती 50 ने. 90 फोन जाहिरातीचे. एजन्सीला फी द्या.

आकडेमोड:
इतवारीकर, दुसऱ्या शहराशी ताडून बघायचं हे तुमचं बरोबर आहे, पण इथे वजाबाकी फसवते. नागपूरचे फोन मुळातच अमरावतीच्या दुप्पट आहेत. तेच ऊन दोन्हीकडे पडलं तर अमरावतीचे 50 वाढतील तेव्हा नागपूरचे शंभरेक वाढणारच.

नुसतं माझं ऐकू नका, बदलाआधीचे आठवडे बघा. खसताटी, आठवडावार आकडे आहेत का?

खसताटी:
आहेत. नागपूर: 38, 44, 53, 65, मग बदल, मग 72, 84, 90, 94.
अमरावती: 21, 20, 29, 30, मग 36, 35, 41, 38.

आकडेमोड:
उत्तम. पहिले चार आठवडे घ्या, जेव्हा दोन्हीकडे जुनीच जाहिरात होती. दोन शहरांतलं अंतर 17, 24, 24, 35 असं आहे. म्हणजे काहीही न बदलता अंतर वाढतच होतं. वजाबाकी केली तर ही आपोआप झालेली वाढ जाहिरातीच्या खात्यात जाते. आता भागाकार करा: 1.8, 2.2, 1.8, 2.2. वरखाली होतंय, पण दोनच्या आसपास टिकून आहे. म्हणून तुमच्याकडे पटींत मोजायचं. बदलाआधीचे आठवडे कोणत्या हिशोबात स्थिर राहतात, ते आधी पाहायचं आणि मगच पुढचं गणित मांडायचं.

```
=(340/200)/(150/100)-1
```

उत्तर 0.133 येतं. अमरावती दीडपट झाली, म्हणून जाहिरात न बदलताही नागपूरचे 200 चे 300 झाले असते. झाले 340. जास्तीचे 40, म्हणजे साधारण 13 टक्के. 70 नाही.

बर्डीवाली:
एवढा खटाटोप कशाला? मागच्या वर्षीच्या एप्रिलशी तुलना करा की. आम्ही साड्यांच्या दुकानात तसंच करतो.

आकडेमोड:
ताई, साड्यांना लग्नसराईच्या तारखा आधीच ठाऊक असतात. कूलरचं गणित पाऱ्यावर चालतं. एखाद्या वर्षी एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारपीट झाली की फोन थंडावतात, मग पुढच्या वर्षीची कुठलीही जाहिरात हुशार दिसते. अमरावतीवर याच वर्षीचं, त्याच आठवड्यांचं ऊन पडलंय. मागचं वर्ष जोडीला ठेवा, एकट्यावर विसंबू नका.

खसताटी:
13 टक्के तरी पक्के धरू का? आणि वर्धा पण जोडू का? तिथलाही वेगळा नंबर आहे.

आकडेमोड:
वर्ध्याबद्दल आधी एक विचारतो. नागपूरची जाहिरात शहरापुरती आहे की किलोमीटरच्या वर्तुळात?

खसताटी:
आत्ता एजन्सीला विचारलं. नागपूरपासून 80 किलोमीटर.

आकडेमोड:
मग वर्धा सोडा. त्या वर्तुळात वर्धा शहर येतं, तिथल्या लोकांनीही नवा व्हिडिओ पाहिला असणार. ज्यांच्यावर बदलाचा परिणाम झाला त्यांनाच मोजपट्टी केलं तर खरा फरक झाकला जाईल. अमरावती, यवतमाळ लांब आहेत, ते चालतील.

आता 13 टक्के. फोन मोजून आलेल्या आकड्यात नशिबाचा हेलकावा असतोच. तो किती, याचा ढोबळ अंदाज असा काढतात:

```
=SQRT(1/200+1/340+1/100+1/150)
```

हे 0.157 येतं. याची दुप्पट 0.314. हिशोब पटींचा आहे, म्हणून ती 13 मध्ये मिळवायची-वजा करायची नाही; 1.133 ला EXP(0.314), म्हणजे 1.37 ने एकदा भागायचं आणि एकदा गुणायचं. तसं केलं तर खरा परिणाम 17 टक्के घटीपासून 55 टक्के वाढीपर्यंत कुठेही असू शकतो. आठवड्यांमध्येही तेच दिसतं. बदलानंतर नागपूर अमरावतीच्या 2.0, 2.4, 2.2, 2.5 पट आहे. आधीच्यापेक्षा वर सरकलंय, पण आधीही 2.2 दोनदा आलं होतंच.

इतवारीकर:
म्हणजे जाहिरात चालली की नाही, हेच माहीत नाही?

आकडेमोड:
चालली असेल, असा कल दिसतो. फी वाढवण्याइतका पुरावा नाही.

खसताटी:
यवतमाळ जोडलं: आधी 60, नंतर 93. दोन्ही मिळून 160 चे 243. परिणाम 12 टक्के येतोय, आणि पट्टा 15 टक्के घट ते 47 टक्के वाढ. अरुंद झाला, पण शून्य अजून आतच आहे.

आकडेमोड:
बरोबर काढलंत. आणखी गावं जोडूनही तो एका मर्यादेपलीकडे अरुंद होणार नाही, कारण नागपूरचे स्वतःचे फोनच तेवढे आहेत. अजून एक विचारतो. 6 एप्रिलला व्हिडिओशिवाय दुसरं काही बदललं का?

खसताटी:
बिलं काढून पाहिली. नागपूरचा रोजचा खर्च 1,000 वरून 1,200 केलाय, त्याच दिवशी. मला कोणी सांगितलं नव्हतं.

आकडेमोड:
मग तुलनेतून ऊन निघून गेलं, पण व्हिडिओ आणि जादा पैसे एकमेकांत मिसळले. जो 12-13 टक्क्यांचा कल दिसतोय तो दोघांचा मिळून आहे. तेवढी वाढ नुसत्या 20 टक्के जादा खर्चानेही होऊ शकते. हे मागे जाऊन वेगळं करता येणार नाही.

पुढचं मात्र हातात आहे. अमरावतीला व्हिडिओ लावा, खर्चाला हात लावू नका, आणि यवतमाळ जुन्यावरच राहू द्या. तारीख आजच ठरवून लिहून ठेवा. एखादा आठवडा मंदा गेला म्हणून घाईने लावू नका, मंद्या आठवड्यानंतरचा आठवडा तसाही थोडा वर येतो.

सावजीप्रेमी:
पण नवतपा 25 मेच्या आसपास लागते जी. तोवर ज्याला घ्यायचा त्याने कूलर घेऊन टाकला असते. मग फोन कमीच येतीन न?

आकडेमोड:
मुद्दा रास्त आहे. दोन्ही गावांत सारखे कमी झाले तर पटीचा हिशोब टिकेल. एका गावात आधी आटले तर टिकणार नाही, आणि यवतमाळचा आकडा लहान आहे. तीन आठवड्यांत स्पष्ट उत्तर मिळेल असं मी म्हणणार नाही.

खसताटी:
बाबांना 340 आणि 300 शेजारी शेजारी लिहून दाखवले. त्यांनी फीचं थांबवलंय. सोमवारपासून अमरावतीला व्हिडिओ, खर्च तोच. दर रविवारी रात्री दोन्ही गावांचे आकडे इथे टाकते.